चहाचे वीस रुपये आणि बाणांचं चित्र

सॉफ्टवेअर कंपनीत नव्याने आलेल्या इंटर्नना कोडपेक्षा आर्किटेक्चर डायग्रामची धास्ती जास्त असते. कोड त्यांनी कॉलेजात लिहिलेला असतो, निदान मित्राचा उचलून चालवलेला तरी असतो. पण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी स्क्रीनवर वीस-पंचवीस चौकोनांचं चित्र उघडतं, त्यांच्यात बाणांचं जाळं, मधेच दोन-चार पिंपं, एक ढग, आणि "हे आपलं सगळं सिस्टिम" असं म्हणून पुढे सरकतं. मुलं माना डोलावतात. एकालाही काही कळलेलं नसतं, आणि विचारायची हिंमत एकालाही होत नाही.

या मुलांना अर्धा तास या विषयावर काही सांगायचं काम आमच्याकडे माझ्या वाट्याला येतं. त्यात मी कंपनीचं चित्र उघडतच नाही. फळ्यावर यूपीआयचं चित्र काढतो. टपरीवर क्यूआर कोड स्कॅन करून चहाचे वीस रुपये दिले, तर पडद्यामागे काय घडतं, त्याचं. ते सगळ्यांनी वापरलेलं असतं, आणि चित्र वाचण्याच्या बहुतेक अडचणी त्या एका व्यवहारात सापडतात.

आधी एक गोष्ट सांगून मोकळा होतो. या चित्रांची सर्वमान्य भाषा नाही. यूएमएलसारखी ठरीव चिन्हांची पद्धत आहे, सायमन ब्राउन यांचं सी-फोर नावाचं चांगलं वळणही आहे, पण रोजच्या कामात ज्याला जसं सुचेल तसं तो काढतो. पिंप म्हणजे डेटाबेस, एवढं बहुतेक ठिकाणी चालतं. तुटक रेघ एकाकडे "उत्तराची वाट न पाहता पाठवलेला निरोप" असते आणि दुसऱ्याकडे "हे अजून बांधायचं आहे". तेव्हा समोरचं चित्र कळलं नाही, तर निम्म्या वेळा दोष काढणाऱ्याचा असतो. कोपऱ्यात चिन्हांचा खुलासा नसेल तर तो मागायचा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता फळ्याकडे या. मधोमध मोठा चौकोन, एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था. तिने 2016 साली ही व्यवस्था सुरू केली. डावीकडे तुमच्या फोनमधलं ॲप. उजवीकडे चहावाल्याच्या बाजूचं ॲप. खाली डावीकडे तुमची बँक, खाली उजवीकडे त्याची बँक. पाच चौकोन. मुलांना मी म्हणतो, सगळं चित्र एकदम बघू नका. एक वीस रुपये घ्या, त्यांच्यावर बोट ठेवा आणि बोट न उचलता शेवटपर्यंत जा.

बोट ठेवल्याबरोबर पहिली अडचण येते. तुमचं ॲप फोनपे किंवा गूगल पे असेल, तर ते थेट एनपीसीआयशी बोलू शकत नाही. त्याला मधे एक बँक लागते. ही तुमचं खातं असलेली बँक असेलच असं नाही. ॲपला यूपीआयच्या दारात उभं करणारी ही वेगळी बँक. ती तुम्हाला तुमच्याच फोनमध्ये दिसते. यूपीआय आयडीत @ नंतर काय आहे ते बघा. `@ybl` म्हणजे येस बँक, `@okaxis` म्हणजे ॲक्सिस, `@oksbi` म्हणजे स्टेट बँक. फळ्यावर मी तो चौकोन मुद्दाम काढलेला नसतो. मुलं फोन काढून बघतात आणि मग सहावा चौकोन त्यांच्याच हाताने काढला जातो.

या सहाव्या चौकोनाचं महत्त्व 2020 साली सगळ्या देशाला कळलं. 5 मार्चच्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले. त्यानंतर फोनपे बंद पडलं. ॲप ठीक होतं, एनपीसीआय ठीक होती, आणि लाखो ग्राहकांची खाती तर येस बँकेत नव्हतीच, ती दुसऱ्याच बँकांत सुरक्षित होती. पण फोनपेची यूपीआयची वाट तेव्हा एकट्या येस बँकेतून जात होती. साधारण दिवसभराच्या खटपटीनंतर दुसऱ्या बँकेच्या मदतीने सेवा पुन्हा उभी राहिली. आज त्याच ॲपमध्ये `@ibl` आणि `@axl` असे आयडीही दिसतात, म्हणजे आयसीआयसीआय आणि ॲक्सिस. त्या दिवसाआधीचं चित्र कुणी बोट ठेवून वाचलं असतं, तर ॲपमधून बाहेर पडणारा बाण एकच आहे हे दिसलं असतं. चौकोनातून किती बाण निघतात हे मोजायला फार ज्ञान लागत नाही, पण ते मोजायचं असतं हे कुणी सांगत नाही.

इथून वीस रुपयांचा निरोप पुढे निघतो. ॲपच्या बाजूची बँक एनपीसीआयला सांगते, या ग्राहकाला अमुक आयडीवर वीस रुपये पाठवायचे आहेत. एनपीसीआय उजवीकडे चहावाल्याच्या बाजूला विचारते, हा आयडी कुठल्या खात्याचा? उत्तर येतं. मग ती खाली तुमच्या बँकेला सांगते, वीस रुपये वजा करा. तुम्ही टाकलेला पिन कुलूपबंद होऊन याच निरोपाबरोबर गेलेला असतो. ॲपला तो वाचता येत नाही, तो खरा की खोटा हे तुमची बँक तपासते. बँक "वजा केले" म्हणते. मग एनपीसीआय चहावाल्याच्या बँकेला सांगते, वीस रुपये जमा करा. ती "केले" म्हणते. शेवटी दोन्ही बाजूंच्या ॲपना निकाल कळवला जातो आणि तुमच्या फोनवर हिरवी खूण उमटते. हे सगळं काही सेकंदांत.

इथपर्यंत आलं की एखादी मुलगी हमखास विचारते, "सर, दोन बँकांमध्ये बाण काढायचा राहिलाय का?"

राहिलेला नाही. तो नाहीच आहे. तुमची बँक आणि चहावाल्याची बँक या व्यवहारात एकमेकींशी एक शब्द बोलत नाहीत. चित्रात जे बाण नाहीत तेही वाचायचे असतात, आणि हा त्यातला सर्वांत बोलका. समजा शंभर बँकांनी एकमेकींशी थेट जोडून घ्यायचं ठरवलं, तर 4,950 जोडण्या लागतील. प्रत्येक जोडणीचा वेगळा करार, वेगळी चाचणी, बिघाड झाला की वेगळं भांडण. एकशे एकावी बँक आली की आणखी शंभर. मधे एक केंद्र ठेवलं की शंभर बँकांना शंभर जोडण्या पुरतात आणि नव्या बँकेला एक. आज यूपीआयवर शेकडो बँका आहेत, त्या या एका न काढलेल्या बाणामुळे. त्याची किंमतही आहे. मधला चौकोन आडवा झाला तर देशभर चहाचे पैसे सुट्ट्या नाण्यांनी द्यावे लागतात.

चौकोन इथवर पुरे झाले. चौकोनावर नाव लिहिलेलं असतं, ते शोधून वाचता येतं. खरी गंमत बाणात असते, कारण बाणावर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं. एक टोकदार रेघ ओढून काढणारा मोकळा होतो, आणि त्या रेघेच्या पोटात किती काय दडलंय हे बिघाड होईपर्यंत कुणी विचारत नाही.

ॲपच्या बाजूची बँक आणि एनपीसीआय यांच्यातला एक बाण घ्या. चित्रात एक रेघ आहे. प्रत्यक्षात तिथे इतकं घडतं:

```
PSP  -> NPCI : ReqPay
NPCI -> PSP  : Ack
NPCI -> PSP  : RespPay
PSP  -> NPCI : Ack
```

`PSP` म्हणजे ॲपच्या बाजूची बँक. ती `ReqPay` पाठवते, म्हणजे पैसे पाठवायची विनंती. एनपीसीआय लगेच `Ack` देते. हे उत्तर नव्हे, ही पोच. सरकारी कचेरीच्या खिडकीवर अर्ज दिला की शिक्का मारून प्रत हातात देतात, तशी. अर्ज मिळाला एवढाच तिचा अर्थ, मंजूर झाला असा नाही. खरा निकाल म्हणजे `RespPay`. तो नंतर, वेगळ्या निरोपाने, उलट दिशेने येतो, आणि त्याचीही पोच द्यावी लागते. दोन निरोपांच्या मधे उजवीकडची विचारपूस, वजा करणं, जमा करणं, सगळं उरकलेलं असतं. तुमच्या फोनवर ते गोल फिरत असतं ना, ते पोच आणि निकाल यांच्यामधलं अंतर.

नवीन मुलं इथे ठरलेली चूक करतात. पोच आली की काम झालं असं धरून पुढचा कोड लिहितात. चाचणीत ते चालतं, कारण तिथे निकाल पाठोपाठ येतो. गर्दीच्या दिवशी पोच येते, निकाल येत नाही, आणि ग्राहकाला "पैसे पोचले" असा संदेश गेलेला असतो. म्हणून प्रत्येक बाणापाशी बोट थांबवून विचारायचं: पाठवणारा उत्तराची वाट बघत थांबतो का? थांबत असेल तर किती वेळ? आणि उत्तर आलंच नाही तर?

हा शेवटचा प्रश्न आपल्या चित्रात दोन ठिकाणी विचारू. प्रश्न तोच, उत्तरं मात्र अगदी निराळी.

पहिलं ठिकाण, तुमच्या बँकेचा बाण. एनपीसीआयने सांगितलं, वीस रुपये वजा करा. बँक गप्प. पैसे कापले गेले आणि उत्तर वाटेत हरवलं, की निरोपच पोचला नाही, हे एनपीसीआयला कळायला मार्ग नाही. पण इथे निर्णय सोपा आहे. चहावाल्याच्या बाजूला अजून काहीच घडलेलं नाही. व्यवहार फसला असं जाहीर करायचं आणि तुमच्या बँकेला सांगायचं, कापले असतील तर परत जमा करा. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे कुठले वीस रुपये याबद्दल घोळ होत नाही. फार तर तुमचे पैसे थोडा वेळ अडकतात.

दुसरं ठिकाण, चहावाल्याच्या बँकेचा बाण. तुमचे पैसे वजा झालेले आहेत. तिकडे जमा करायला सांगितलं आणि ती बँक गप्प. तिने "खातं बंद आहे" असं स्पष्ट सांगितलं असतं, तर तुमचे पैसे लगेच परत फिरवता आले असते. स्पष्ट नकाराचा त्रास कमीच असतो. पण ती काहीच बोलत नाहीये. अशा वेळी तुमचे पैसे परत केले आणि प्रत्यक्षात चहावाल्याला जमा झालेले असले, तर वीस रुपयांचे चाळीस झाले. देशभरात रोज असं होत राहिलं तर ते चाळीस कुणाच्या खिशातून जायचे? म्हणून इथे पैसे परत फिरवत नाहीत. व्यवहार झाला असं गृहीत धरतात. या धंद्यातली माणसं त्याला "डीम्ड" म्हणतात. पुढची जबाबदारी चहावाल्याच्या बँकेची: आपलं दप्तर तपासायचं, जमा केले नसतील तर करायचे, करता येत नसतील तर परत पाठवायचे. ॲपवर तुम्हाला दिसणारं "पेंडिंग" पुष्कळदा हेच असतं.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात याला मुदती घालून दिल्या आहेत. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे जमा होऊ शकले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खात्री त्याच्यापर्यंत पोचली नाही, तर पाच दिवसांत. मुदत उलटली की दर दिवसाला 100 रुपये भरपाई, ग्राहकाने न मागता. पेंडिंग दिसलं की पुन्हा पैसे पाठवायची घाई करू नये ती एवढ्यासाठी. पहिले वीस रुपये अजून मेलेले नसतात.

एकाच चित्रातले, एकाच जाडीचे, एकाच रंगाचे दोन बाण. एक तुटला तर मागे फिरायचं, दुसरा तुटला तर पुढे जायचं. चित्रात याचा मागमूस नसतो. तो शोधायला बोट ठेवून चालावंच लागतं, आणि म्हणूनच मी मुलांना चौकोनांची नावं पाठ करू देत नाही.

साधारण इथे मी फळ्यावरचं चित्र तसंच ठेवून विचारतो, या बाणांमधून पैसे कुठून कुठे गेले? वर्ग एका सुरात सांगतो, डावीकडच्या बँकेतून उजवीकडच्या बँकेत.

एकाही बाणातून एक रुपयाही गेलेला नाही. सगळे निरोप आहेत. तुमच्या बँकेने तुमच्या खात्यातला आकडा वीसने कमी केला, चहावाल्याच्या बँकेने त्याच्या खात्यातला वीसने वाढवला. म्हणजे त्या क्षणी तुमची बँक त्याच्या बँकेला वीस रुपयांचं देणं लागते. असे लाखो व्यवहार गोळा होतात, आणि दिवसातून ठरावीक फेऱ्यांमध्ये एनपीसीआय हिशेब मांडते. समजा एका फेरीत पहिल्या बँकेच्या ग्राहकांनी दुसरीकडे दहा कोटी पाठवले आणि उलट दिशेने नऊ कोटी आले, तर हलतो तो फक्त एक कोटी, तोही रिझर्व्ह बँकेकडे असलेल्या या बँकांच्या खात्यांमध्ये. हे दुसरं चित्र आहे. चौकोन जवळजवळ तेच, बाण निराळे, आणि रिझर्व्ह बँक नावाचा चौकोन, जो पहिल्या चित्रात नव्हताच.

आता डीम्ड व्यवहाराकडे पुन्हा बघा. व्यवहार झाला असं धरल्यामुळे या हिशेबात ते वीस रुपये चहावाल्याच्या बँकेकडे जातात. पैसे तिच्याकडे आहेत, म्हणून परत करायची जबाबदारीही तिची. पहिल्या चित्रात हा नियम मनमानी वाटतो, दुसरं चित्र शेजारी ठेवलं की त्याचं कारण दिसतं. बाणातून काय वाहतंय, निरोप, पैसा की नुसती बातमी, हे विचारल्याशिवाय दिशा वाचण्यात अर्थ नाही. काही जण "कोण कोणाला हाक मारतो" त्या दिशेने बाण काढतात, काही जण "माहिती कुठून कुठे जाते" त्या दिशेने. शिल्लक विचारताना हाक जाते ॲपकडून बँकेकडे आणि माहिती येते बँकेकडून ॲपकडे. दोघांचे बाण उलटे, दोघेही बरोबर. एकाच चित्रात दोन्ही पद्धती मिसळलेल्या मी कितीतरी वेळा पाहिल्या आहेत, आणि अनुभवी माणसंसुद्धा त्यावर तासभर वाद घालतात.

चौकोनाच्या आत शिरायचा मोह मुलांना फार होतो. "तुमची बँक" हा एक चौकोन उघडला तर आत खात्यांची मूळ प्रणाली, यूपीआयचे निरोप घेणारा भाग, फसवणूक तपासणारा, एसएमएस पाठवणारा, असं गावच वसलेलं सापडेल. त्याचं वेगळं चित्र असतं आणि ते त्या बँकेच्या लोकांकडे असतं. आपण ज्या उंचीवरून बघतोय तिथून तो चौकोन बंद ठेवायचा असतो. बाहेरून एवढंच कळायला हवं की तो काय मागतो, काय देतो, आणि त्याचा नकार कुठल्या प्रकारचा आहे. एनपीसीआय बँकांच्या फसलेल्या व्यवहारांचे दोन गट करून आकडे जाहीर करते, ते याच अंगाने: चुकीचा पिन, शिल्लक नाही, मर्यादा ओलांडली, हा ग्राहकाच्या बाजूचा नकार, आणि यंत्रणा किंवा नेटवर्क बंद, हा तांत्रिक. पहिला वाढला तर चौकोन ठणठणीत आहे. दुसरा वाढला तर त्या बँकेत कुणाची तरी रात्र जागण्यात जाणार.

टपरीवरचा तो बोलका डबा मात्र मी शेवटी काढतो, अगदी उजव्या कडेला. "वीस रुपये प्राप्त झाले" म्हणणारा. त्याच्याकडे जाणारा बाण चहावाल्याच्या ॲपच्या बाजूने निघतो, डब्यातल्या सिमकार्डावरून मोबाइल नेटवर्कने पोचतो, आणि त्याच्या उत्तराची वाट व्यवहारातलं कुणी बघत नाही. डबा बंद असला, रेंज नसली, बॅटरी उतरली, तरी पैसे जमा होतात. डबा गप्प राहिला म्हणजे व्यवहार फसला असं नाही. उलट डबा बोलला, तर तो चहावाल्याच्या बाजूच्या यंत्रणेने दिलेला निरोप असतो. गिऱ्हाईक स्वतःच्या फोनवरची हिरवी खूण दाखवतं, तो चित्राच्या अगदी दुसऱ्या टोकाचा चौकोन झाला. तिथे बनावट ॲपने नुसतं चित्र उमटवता येतं, एनपीसीआयला पत्ताही न लागता. खोट्या खुणा दाखवून दुकानदारांना फसवण्याचे प्रकार होतात ते असेच.

यानंतर मुलांना घरी करायला एक काम देतो. आपल्या फोनमधला फसलेला किंवा अडकलेला एक व्यवहार शोधायचा, त्यावर ॲपने काय लिहिलंय ते वाचायचं, आणि फळ्यावरचा नेमका कुठला बाण तुटला असेल ते सांगायचं. दुसऱ्या दिवशी जो तो आपापला बाण घेऊन येतो. मग मी कंपनीचं ते वीस-पंचवीस चौकोनांचं चित्र उघडतो. बहुधा पहिला प्रश्न असतो, "सर, यावर तारीख कुठंय?" तारीख नसतेच. चित्र काढणारा कंपनी सोडून गेलेला असतो, आणि त्यातले दोन चौकोन कधीच बंद झालेले असतात. ते कुठले, हे मुलांनी लॉग बघून शोधायचं असतं.